‘महिन्याला पाच टक्के’ देणाऱ्या भाऊंना खुले पत्र

भाऊ,

हे पत्र तुमच्या नावानं लिहितोय, पण लावतोय सोसायटीच्या फलकावर. एक प्रत गिरडलाही पाठवतोय, कारण सोसायटीतले सभासद पुरेनासे झाले तेव्हा तुम्ही आपल्या गावाकडे वळलात. तुमचं नाव यात घातलेलं नाही. ते तक्रारीत आहे, आणि ज्यांचे पैसे अडकलेत त्यांना ते सांगायची गरजही नाही.

तुम्ही कुणाच्या घराचं कुलूप तोडलं नाही. लोकांनी दार उघडलं, चहा दिला आणि पैसे मोजून तुमच्या हातात ठेवले. त्याचाच तुम्ही आता बचाव करताय. ‘मी कुणावर जबरदस्ती केली का? सगळे राजीखुशीनं आले,’ असं तुम्ही परवा जिन्यात सगळ्यांसमोर म्हणालात. राजीखुशी खोट्या माहितीवर उभी केली असेल, तर कायद्यात तिला फसवणूक म्हणतात. ती खोटी माहिती नेमकी कोणती होती, ते आज हिशेबानिशी सांगतो. कारण आपल्या सभासदांपैकी निम्म्यांना अजूनही वाटतं की तुमचा धंदा चांगला चालला होता आणि मध्येच नशीब फिरलं. तसं झालेलं नाही. पहिल्या महिन्याचा हप्ता तुम्ही वाटलात, त्याच दिवशी ही योजना बुडालेली होती.

तुमचा शब्द असा होता: एक लाख द्या, दर महिन्याच्या पाच तारखेला पाच हजार घ्या, मुद्दल मागाल तेव्हा परत. हे पैसे शेअर बाजारात ‘ऑप्शन’मध्ये लावतो, असंही तुम्ही सांगायचात. मोबाइलवर हिरवे आकडे दाखवायचात. बाजारातल्या या व्यवहारांचा अभ्यास सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर १०० वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जण तोट्यात गेले. तुम्ही उरलेल्या सातांमध्ये असाल, असं क्षणभर धरू. तरी त्या सातांनाही दर महिन्याला नफा होत नाही. एखादा महिना वर जातो, एखादा खाली. मग खाली गेलेल्या महिन्यात पाच तारखेचे पाच हजार कुठून आले? तुमचा हप्ता कधी एक रुपयानं कमी झाला नाही, एक दिवस उशिरा आला नाही. लोक म्हणायचे, भाऊ शब्दाचा पक्का आहे. खरं तर संशयाची पहिली जागा तीच होती. कमाई वरखाली होणारी आणि हप्ता मात्र ठरलेला, म्हणजे मधलं अंतर कमाईशी संबंध नसलेल्या पैशानं भरलं जात होतं. तो पैसा शेजाऱ्याचं मुद्दल होता.

आता आकडे मांडू. धरून चालू की सुरुवातीला २० जणांनी एकेक लाख दिले. जमा झाले २० लाख, दरमहा वाटायचे १ लाख. तुम्ही एक रुपयाही कमावला नाही आणि त्याच २० लाखांतून वाटत गेलात, तर २० महिन्यांत डबा रिकामा होतो. लोकांच्या हातात त्यांचेच पैसे परत आलेले असतात, आणि मुद्दल जागेवर आहे असं मात्र वाटत राहतं. तुम्ही तर तेही केलं नाही. ते २० लाख तुम्ही वर्धा रोडच्या प्लॉटमध्ये आणि नव्या गाडीत घातले. मग पहिल्या महिन्याचा १ लाख देण्यासाठी एक नवा सभासद लागला. तो आला की देणं १ लाख ५ हजार झालं. पुढच्या महिन्याला थोडा आणखी पैसा लागला. दरमहा पाच टक्के वाटायचे असतील, तर दरमहा पाच टक्के नवी भरती लागते. २० चे ४० व्हायला १४-१५ महिने लागतात. २४ महिन्यांत हा आकडा ६४ वर जातो.

आपल्या सोसायटीत फ्लॅट किती आहेत, भाऊ? चौसष्ट.

म्हणजे एकानंही मुद्दल परत मागितलं नाही, प्रत्येक घरानं एकेक लाख दिला आणि तुम्ही पुढे एक रुपयाही खाल्ला नाही, तरी दोन वर्षांत सोसायटी संपली. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ११५ च्या वर माणसं लागतात, पाचव्या वर्षाच्या शेवटी पावणेचारशेच्या आसपास. म्हणून तुम्हाला गिरड आठवलं. कापूस विकून हिंगणघाटहून घरी पैसा येतो, तो सुमार तुम्हाला ठाऊक होता. पुढच्या हंगामाच्या बियाण्या-खताचा, मुलीच्या लग्नाचा, सावकाराकडून सोडवायच्या दागिन्यांचा तो पैसा. ‘घरात पडून काय करणार? माझ्याकडे ठेवा, पेरणीपर्यंत त्याचं व्याज खत आणेल,’ असं तुम्ही सांगितलंत. दर्ग्याच्या टेकडीकडे हात करून शपथही घेतलीत. त्याच टेकडीची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलो. फरीदबाबांची थट्टा करणाऱ्या फिरत्या व्यापाऱ्यांचा सगळा माल दगड झाला, असं ती सांगते. तुम्ही ती जागा साक्षीला ठेवून व्यापार केलात आणि दगड मात्र दुसऱ्यांच्या पदरात टाकलेत.

एक साधा प्रश्न मी तुम्हाला सभेत विचारला होता. तुम्ही हसून विषय बदललात, म्हणून इथं पुन्हा विचारतो. तुमचा धंदा महिन्याला पाच टक्क्यांहून जास्त कमावत होता, तर तुम्ही बँकेकडून कर्ज का घेतलं नाही? प्लॉट तारण ठेवून वर्षाला १२ टक्क्यांनी कर्ज मिळालं असतं, तर एका लाखावर महिन्याला १ हजार व्याज गेलं असतं. आम्हाला तुम्ही ५ हजार देत होतात. शहाणा धंदेवाईक पाचपट महाग पैसा का उचलेल? याला दोनच उत्तरं आहेत. एक तर असा धंदा नव्हताच. नाही तर बँकेनं कागद मागितले असते आणि ते दाखवण्यासारखे नव्हते. आम्ही कागद मागितले नाहीत, ओळख पुरेशी मानली. त्या ओळखीची तुम्ही पाच टक्के किंमत लावलीत.

नागपुरात हे नवीन नाही, आणि तुम्हाला माहीत नव्हतं असं तर मुळीच नाही. २०१३ मध्ये श्रीसूर्या समूहावर आणि २०१४ मध्ये वासनकर वेल्थ मॅनेजमेंटवर इथेच गुन्हे दाखल झाले, संचालकांना अटक झाली. पैसे अडकलेल्यांमध्ये डॉक्टर होते, निवृत्त अधिकारी होते, शिकलेसवरलेले लोक होते. त्यांना नंतर वर्षानुवर्षं कोर्टाच्या चकरा माराव्या लागल्या. तेव्हा आपण सगळ्यांनी पेपरात ते वाचलं होतं, आणि लोक इतके भोळे कसे, असं तुम्हीच आमच्यासमोर म्हणाला होतात. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत टोरेसची दुकानं बंद पडली. तिथं परतावा महिन्याला नव्हे, आठवड्याला मिळायचा. सोबत मोझॅनाइटचे खडे मिळायचे आणि लोकांना ते हिऱ्यासारखे मौल्यवान वाटायचे. बंद पडण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यांत कंपनीनं परताव्याचा दर वाढवला होता आणि रोख रकमेला जास्त आमिष दाखवलं होतं.

सभासदांनो, हे वाक्य पुन्हा वाचा. योजना बुडायला लागली की दर कमी होत नाही, वाढतो. भाऊंनीही गेल्या दिवाळीच्या आधी पाचाचे सहा केले. रोख देणाऱ्याला पहिला हप्ता हातोहात दिला. नवा माणूस आणणाऱ्याला दोन टक्के ठेवले. मुद्दल मागणाऱ्याला ९० दिवसांची पूर्वसूचना सांगितली, जी आधी कधीच नव्हती. पुढे ते म्हणाले, व्याज उचलू नका, मुद्दलात जमा करा, वहीत वाढू द्या. डब्यात किती पैसा उरला आहे हे या प्रत्येक बदलातून कळत होतं. हप्ता वेळेवर येतो का, ही परीक्षा खोटी आहे. सगळं मुद्दल परत मागा आणि किती दिवसांत, कोणत्या बँक खात्यातून येतं ते पाहा. परीक्षा एवढीच आहे.

वहीबद्दल एक शब्द. ज्यांनी व्याज उचललं नाही, त्यांच्या वहीत दोन वर्षांत १ लाखाचे ३ लाख २२ हजार झाले. त्या आकड्याकडे पाहून काहींनी घराचं बांधकाम काढलं. तो आकडा फक्त भाऊंच्या पेनातून आलेला होता. तक्रार लिहिताना हिशेब मांडायचा तो असा: मी किती दिले आणि मला किती मिळाले. ज्यानं पहिल्या महिन्यात १ लाख देऊन वीस हप्ते उचलले, त्याला त्याचा लाख मिळून गेला आहे. ज्यानं बाविसाव्या महिन्यात दिले आणि दोन हप्ते घेतले, त्याचे ९० हजार गेले. या दोघांतला फरक कुणी जास्त हुशार होता म्हणून पडलेला नाही. आधी आलेल्याचे हप्ते नंतर आलेल्याच्या खिशातून गेले, एवढंच. म्हणून आधी आलेल्यांनी आज ‘माझे तर मिळाले’ म्हणून गप्प बसू नये. त्यांच्या बँक खात्यातल्या नोंदी हाच उरलेल्यांचा सगळ्यात मोठा पुरावा आहे.

भाऊ, तुमचे पुढचे दोन बचाव मला आधीच ऐकू येताहेत.

पहिला: ‘ही आपली भिशी होती.’ भिशी आमच्या आयाबहिणी कित्येक वर्षं चालवताहेत. बारा जणी दरमहा पाच हजार टाकतात, ६० हजार दर महिन्याला एकीला जातात, बाराव्या महिन्यात भिशी संपते. त्यात कुणी व्याज देत नाही, पैसा कुणाच्या कपाटात महिनोन्महिने पडून राहत नाही आणि किती आले, किती गेले हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. तुमच्या गटात पैसा तुमच्याकडे राहिला, कुणी किती दिले हे दुसऱ्याला कळलं नाही आणि शेवटची तारीखच नव्हती. तिला भिशी म्हणणं हा त्या बायकांचा अपमान आहे.

दुसरा: ‘हे हातउसने होते, स्टॅम्प पेपर आहे, चेक दिलेत.’ स्टॅम्प पेपरवर ‘मैत्रीखातर हातउसने’ असं तुम्ही मुद्दाम लिहून घेतलंत, ते का, हे आता कळतंय. पण महाराष्ट्राच्या १९९९ च्या ठेवीदार संरक्षण कायद्यात, ज्याला सगळे एमपीआयडी म्हणतात, ठेवीची व्याख्या रुंद आहे. परत करण्याच्या बोलीवर घेतलेला पैसा त्यात येतो आणि तो घेणारी कंपनीच असावी लागत नाही, एकटी व्यक्तीही चालते. २०१९ चा केंद्राचा अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा तर याच्याही आधीच्या पायरीवर पकडतो. धंदा म्हणून, नोंदणीशिवाय, लोकांकडून ठेवी गोळा करणं हाच तिथं गुन्हा आहे. पैसे बुडेपर्यंत थांबायची गरज नाही. अशा ठेवी स्वीकारल्याबद्दल दोन ते सात वर्षं, आणि परत करताना लबाडी केली तर तीन ते दहा वर्षं कैद आहे. नातेवाइकांकडून घेतलेलं कर्ज त्यातून वगळलं आहे, हे खरं. पण चौसष्ट घरं आणि अर्धा गाव तुमचे नातेवाईक नाहीत.

चेकचंही खरं सांगून टाकतो, कारण सगळ्यात जास्त माणसं त्या चेकवर झोपली आहेत. चेक न वटता परत आला, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला १५ दिवस असतात. तेवढ्यात भरले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करावी लागते. तारीख घातलेला चेक तीन महिन्यांनी शिळा होतो. हा मार्ग खरा आहे आणि वापरायलाच हवा. पण साठ-सत्तर चेक एकाच खात्यावरचे आहेत आणि त्या खात्यात काही नाही. चेकनं गुन्हा सिद्ध व्हायला मदत होईल, खात्यात पैसा येणार नाही. पैसा आला तर तो तुमच्या प्लॉटमधून, गाडीतून आणि बायको-मेव्हण्याच्या नावावर केलेल्या मालमत्तेतून येईल. एमपीआयडीखाली सरकार अशी मालमत्ता जप्त करू शकतं, ठेवीदारांच्या पैशातून दुसऱ्याच्या नावावर घेतलेलीसुद्धा. म्हणून भाऊ, गेल्या आठवड्यात प्लॉटसाठी गिऱ्हाईक शोधायला तुम्ही जो दलाल लावलात, त्याला थांबवा. त्या दलालाची माहिती आम्ही तक्रारीला जोडली आहे.

आणखी एक गोष्ट मी विसरणार नाही. गेल्या वार्षिक सभेत तुम्ही उभं राहून म्हणालात की सोसायटीचा सिंकिंग फंड बँकेत सडतोय, तो माझ्याकडे द्या, पाच वर्षांत लिफ्ट फुकट बसेल. सहकार कायद्याच्या कलम ७० नं सोसायटीचा पैसा कुठे ठेवायचा हे ठरवून दिलंय: जिल्हा मध्यवर्ती किंवा राज्य सहकारी बँक आणि कायद्यानं मान्य केलेल्या इतर जागा. त्यात कुणा सभासदाचा खिसा नाही. तेव्हा ठराव पडला म्हणून इमारतीच्या दुरुस्तीचा पैसा वाचला. त्या दिवशी दोघा-तिघांनी विरोधात हात वर केला नसता, तर आज गळक्या टाकीखाली बसून हे पत्र लिहावं लागलं असतं.

आता सभासदांना सोसायटीची सूचना. सोसायटीचा फलक, सभागृह आणि व्हॉट्सॲप ग्रुप यापुढे ठरलेल्या परताव्याच्या कोणत्याही योजनेसाठी वापरता येणार नाही, मग ती आणणारा अध्यक्ष असो की सचिव. कुणी अशी योजना घेऊन आलं, तर पैसे घेणाऱ्याची नोंदणी रिझर्व्ह बँक, सेबी, चिट फंड निबंधक यांपैकी कुणाकडे आहे ते विचारा आणि उत्तर sachet.rbi.org.in वर तपासा. तिथं तक्रारही करता येते. भाऊंसाठी माणसं आणून दोन टक्के घेतलेल्यांनी हेही समजून घ्यावं की २०१९ च्या कायद्यात जाणूनबुजून खोटं आश्वासन देऊन दुसऱ्याला अशा योजनेत ओढणाराही शिक्षेला पात्र आहे. ज्यांना खरंच माहीत नव्हतं, त्यांनी ते आजच पोलिसांना सांगावं. उद्या सांगितलं तर विश्वास बसणं अवघड जाईल.

ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी बँकेचं स्टेटमेंट, वहीची पानं, स्टॅम्प पेपर, चेक आणि मोबाइलवरचे संदेश एकत्र करावेत. संदेश पुसू नयेत, आणि भाऊ आले तरी जुना स्टॅम्प पेपर देऊन नवा घेऊ नये. नव्या कागदावर तारीख नवी पडते आणि रक्कमही. रोख दिलेल्यांनी तो पैसा कुठून आणला त्याचा कागद शोधावा: कापसाची पट्टी, बँकेतून काढल्याची नोंद, मोडलेल्या सोन्याची पावती. शहरातले सभासद आर्थिक गुन्हे शाखेकडे जातील, गावातले गिरड पोलीस ठाण्यात. एकेकट्यानं जाऊ नका. दहा अर्ज सोबत गेले की ती उसनवारी राहत नाही, योजना ठरते, आणि कलम बदलतं.

भाऊ, शेवटी तुमच्याकडे मागणं एकच आहे. सगळ्यांची नावं, दिलेली रक्कम आणि वाटलेले हप्ते असलेली ती लाल वही पोलिसांच्या हवाली करा. मालमत्ता विकून पैसा आला, तर तो कुणाला किती द्यायचा, हे त्या वहीवरून ठरेल. वही नसेल, तर रोख दिलेली गिरडची माणसं यादीतूनच गळतील, कारण त्यांच्याकडे बँकेचा कागद नाही. वही जाळलीत, तर ज्यांनी तुमच्या शपथेवर पैसे दिले ते सगळ्यात आधी बुडतील आणि ज्यांच्याकडे वकील आहे ते वाचतील. फसवणूक तुमच्या हातून होऊन गेली आहे, तिचा निकाल कोर्ट लावेल. गरीब माणूस या यादीत राहतो की नाही, ते अजून तुमच्या हातात आहे. येत्या सोमवारी आम्ही सगळे तक्रार द्यायला जाणार आहोत. त्याआधी वही पोलिसांकडे पोचली पाहिजे.

तुमच्याच गावचा,
सोसायटीचा सचिव